मद्य, यकृत आणि एनएडीएच : एका लोकप्रिय स्पष्टीकरणाची तपासणी

२०२२ सालच्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून आणि सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा नाशिकमध्ये त्याची चर्चा होणे साहजिकच होते. दिंडोरी, निफाडची द्राक्षे आणि गंगापूर धरणाच्या आसपासच्या वाइनऱ्या यांच्यामुळे हा विषय इथल्या घराघरांत पोहोचला होता. त्या चर्चेत 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य एका बाजूने, आणि 'मद्याचा थेंबही यकृत जाळतो' हे वाक्य दुसऱ्या बाजूने वारंवार ऐकू येत होते. दोन्ही वाक्ये विज्ञानाचा आधार घेतल्याच्या थाटात बोलली जात.

पुढे शिक्षकांच्या एका छोट्या मेळाव्यात एका शिक्षिकाबाईंनी अकरावी-बारावीसाठी केलेला तक्ता आम्हांला दाखवला. त्यावर डाव्या कडेला इथेनॉल, मध्ये मोठ्या अक्षरांत 'एनएडीएच वाढते, एनएडी संपते', आणि तिथून निघालेले चार बाण होते : रक्तातील साखर कमी होणे, लॅक्टिक आम्ल वाढणे, यकृतात चरबी साचणे आणि शेवटी सिऱ्होसिस. तक्ता नेटका होता. पाठ्यपुस्तकांतून आणि मार्गदर्शक पुस्तकांतून हेच स्पष्टीकरण थोड्याफार फरकाने आढळते. बाईंनी विचारले, "यात काही चुकलंय का?" त्या वेळी दिलेले उत्तर फार त्रोटक होते. म्हणून येथे ते सविस्तर देत आहोत.

प्रथम वाइनचा प्रश्न निकालात काढू, कारण तो सोपा आहे. महाराष्ट्रातील देशी दारूची तीव्रता आकारमानाने सुमारे ४२.८ टक्के असते. तिच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत, म्हणजे बोलीभाषेतल्या 'क्वार्टर'मध्ये, ७७ मिलिलिटर इथेनॉल असते. इथेनॉल पाण्याहून हलके असल्याने त्याचे वजन सुमारे ६१ ग्रॅम भरते. वाइनमध्ये साधारण १२ टक्के इथेनॉल धरले, तर तेवढेच ६१ ग्रॅम मिळवण्यासाठी सुमारे ६४० मिलिलिटर वाइन लागेल, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून एक पेला कमी. यकृतातील विकराला रेणू दिसतो, बाटलीवरची चिठ्ठी दिसत नाही. फरक आहे तो पिण्याच्या वेगाचा आणि सोबतच्या खाण्याचा, आणि तो खरा फरक आहे. द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉलचे नाव या चर्चेत पुष्कळदा येते. पण ते लाल वाइनच्या एका लिटरमध्ये फार तर काही मिलिग्रॅम असते आणि त्याच लिटरमध्ये इथेनॉल ९५ ग्रॅम असते. तेव्हा त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

आता यकृतात काय घडते ते पाहू. इथेनॉलचे विघटन मुख्यतः दोन पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीवर पेशीद्रवातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर इथेनॉलमधील हायड्रोजन काढून त्याचे ॲसिटाल्डिहाइड करते. दुसऱ्या पायरीवर, मुख्यतः तंतुकणिकांमध्ये, अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज त्याचे ॲसिटेट करते. दोन्ही वेळा काढलेला हायड्रोजन एनएडी या सहविकराकडे जातो आणि एनएडीचे एनएडीएच होते. म्हणजे इथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे एनएडीएचचे दोन रेणू. द्राक्षाच्या पॅकिंगशेडमधील क्रेट डोळ्यांपुढे आणावेत : एनएडी हा रिकामा क्रेट आणि एनएडीएच हा भरलेला. भरलेला क्रेट रिकामा करून परत आणल्याशिवाय पुढचा माल भरता येत नाही.

क्रेट किती आहेत? माणसाच्या दीड किलोच्या यकृतात एनएडी आणि एनएडीएच मिळून ढोबळमानाने एक ते दीड मिलिमोल असतात. एका क्वार्टरमधील ६१ ग्रॅम इथेनॉल म्हणजे १.३ मोल, आणि त्यापासून होणारे एनएडीएच २.६ मोल. म्हणजे प्रत्येक क्रेटला सुमारे दोन हजार वेळा भरून रिकामे व्हावे लागेल. साठ किलो वजनाच्या माणसाचे यकृत ताशी सहा ते सात ग्रॅम इथेनॉलचा निकाल लावते. म्हणजे एका क्वार्टरला नऊ-दहा तास, आणि दर पंधरा-सोळा सेकंदांना प्रत्येक क्रेटची एक फेरी.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रक्तातील इथेनॉल जास्त असले म्हणून हा वेग वाढत नाही. हे विकर अगदी थोड्या इथेनॉललाही पुरेपूर कामाला लागते. त्याची अडचण इथेनॉल मिळवण्यात नसून तयार झालेले एनएडीएच सोडून देण्यात असते, आणि त्या एनएडीएचमधील हायड्रोजन पुढे तंतुकणिकांतील श्वसनसाखळीकडे पोहोचवण्यात असते. एनएडीएच तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून स्वतः पलीकडे जात नाही. त्याचा हायड्रोजन मॅलेटसारख्या रेणूवर लादून आत न्यावा लागतो. त्यामुळेच काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा लिंबूपाणी यांनी दारू 'उतरत' नाही.

तक्त्यावरील पहिली चूक येथे सापडते. 'एनएडी संपते' हे वाक्य बरोबर नाही. निरोगी यकृताच्या पेशीद्रवात मुक्त एनएडी आणि मुक्त एनएडीएच यांचे गुणोत्तर शेकड्यांत असते. हे थेट मोजता येत नाही, कारण बरेचसे एनएडीएच प्रथिनांना चिकटलेले असते. पण क्रेब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात एक सुंदर आडमार्ग वापरला. लॅक्टेट आणि पायरुव्हेट यांची अदलाबदल करणारे विकर पेशीद्रवात इतके मुबलक असते, की ती क्रिया जवळजवळ समतोलावरच राहते. तेव्हा लॅक्टेट आणि पायरुव्हेट मोजले, की एनएडीएचची स्थिती गणिताने काढता येते. लॅक्टेट पायरुव्हेटच्या दहापट असेल, तर मुक्त एनएडी एनएडीएचच्या सुमारे ९०० पट असते. मद्य घेतल्यावर लॅक्टेट समजा चाळीसपट झाले, तर एनएडी सुमारे २२५ पट उरते.

म्हणजे मद्य घेतल्यावरही एनएडीएचच्या एका रेणूमागे एनएडीचे सव्वादोनशे रेणू आहेतच! क्रेट संपलेले नाहीत. बदलले आहे ते गुणोत्तर, आणि ते चौपट बदलले आहे. समतोलाजवळ चालणाऱ्या क्रियांना एवढे पुरते. लॅक्टेट-पायरुव्हेट, मॅलेट-ऑक्झॅलोॲसिटेट, ग्लिसरॉल फॉस्फेट आणि त्याचा डायहायड्रॉक्सीॲसिटोन फॉस्फेट हा जोडीदार : अशा प्रत्येक जोडीत हायड्रोजनयुक्त बाजू फुगते आणि दुसरी बाजू आटते. 'एनएडी संपले' असे शिकवले, तर विद्यार्थी समजतो की सर्व ऑक्सिडीकरण ठप्प झाले. तसे झाले असते तर इथेनॉलचे ऑक्सिडीकरणही ठप्प झाले असते. ते तर रात्रभर चालू असते.

आता पहिला बाण घेऊ : रक्तातील साखर. आमच्या मते संपूर्ण तक्त्यातील हा सर्वांत पक्का बाण आहे, आणि शिकवताना सर्वांत कमी वेळ याच बाणाला मिळतो. एक कल्पित माणूस घेऊ. द्राक्षांच्या हंगामात निफाडहून शीतगृहाकडे माल नेणारा साठ किलो वजनाचा टेम्पोचालक. काल दुपारी जेवला. रात्रभर गाडी, आज दिवसभर पुन्हा खेपा, पोटात दोन-तीन कप चहा आणि बिस्किटांचा एखादा पुडा. संध्याकाळी सात वाजता दमून बसतो, एक क्वार्टर घेतो, जेवण न करता तसाच झोपतो.

यकृतात साठवलेले ग्लायकोजेन जेवणानंतर ऐंशी ते शंभर ग्रॅम असते. सुमारे चोवीस तासांच्या उपासात ते बहुतेक संपते. चहा-बिस्किटांनी त्याला काही तास पुढे ढकलले असेल, एवढेच. त्यानंतर रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृत नवी साखर घडवून करते. कच्चा माल म्हणजे स्नायूंतून आणि रक्तपेशींतून येणारे लॅक्टेट, प्रथिनांपासून आलेले ॲलनिन आणि चरबीतून सुटलेले ग्लिसरॉल. आता गुणोत्तर चौपट सरकले आहे. समजा रक्तातील लॅक्टेट लिटरला १ मिलिमोलवरून २ वर गेले. यकृतातही तसेच घडले असे धरू. तर ४०:१ या गुणोत्तराने पायरुव्हेट ०.१ वरून ०.०५ वर येईल. लॅक्टेट दुप्पट आणि पायरुव्हेट निम्मे! साखर घडवण्याची पहिली पायरी पायरुव्हेटपासून सुरू होते, लॅक्टेटपासून नव्हे. म्हणजे गोदामात माल वाढलेला आणि यंत्राच्या तोंडाशी मात्र तुटवडा. ॲलनिनपासून होणारे पायरुव्हेटही त्याच उतारावरून लॅक्टेटकडे घसरते, आणि ग्लिसरॉलची वाट ग्लिसरॉल फॉस्फेटपाशी अडते.

क्रेब्ज यांच्या गटाने १९६९ मध्ये उपाशी उंदराच्या यकृतातून द्रव खेळवत ठेवून हे पडताळले. लॅक्टेट पुरवले असता इथेनॉलमुळे साखरेची निर्मिती दोन तृतीयांशापर्यंत घटली. लॅक्टेटऐवजी पायरुव्हेट दिले असता तसा अडथळा दिसला नाही. आमच्या दृष्टीने प्रयोगाचा हा दुसरा भागच अधिक मोलाचा आहे, कारण इथेनॉल यंत्र मोडत नाही, केवळ कच्च्या मालाची वाट वळवते, हे त्यावरून कळते. त्याआधी १९६३ मध्ये फ्राइन्केल आणि सहकाऱ्यांनी उपाशी माणसांत इथेनॉलने रक्तशर्करा घसरते हे दाखवले होते.

आपल्या टेम्पोचालकाचा हिशेब पुरा करू. मेंदूला ताशी सुमारे पाच ग्रॅम साखर लागते. त्याच्या रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मिळून जेमतेम अकरा ग्रॅम साखर आहे. यकृत ताशी सात ग्रॅम घडवत होते, ते निम्म्यावर आले, तर दर ताशी साडेतीन ग्रॅमची तूट पडते. या कोरड्या गणिताने तो दोन तासांतच बेशुद्ध पडायला हवा. प्रत्यक्षात मूत्रपिंडेही थोडी साखर घडवतात, स्नायू साखर वापरणे कमी करतात, मेंदू काही प्रमाणात कीटोन वापरू लागतो. म्हणून बहुतेक जण निभावून जातात, आणि ज्यांना त्रास होतो त्यांना तो पुष्कळदा सहा-सात तासांनी किंवा त्याहून उशिरा होतो. म्हणजे मध्यरात्रीनंतर, इतर सर्व झोपलेले असताना.

ओळखायचे कसे? हीच खरी अडचण आहे. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, असंबद्ध बोलणे, मग हाक मारून जाग न येणे. तोंडाला दारूचा वास. बघणारा म्हणतो, 'चढली आहे, झोपू द्या.' रक्तातील साखर दाखवणाऱ्या लहान यंत्राने एका थेंबात उत्तर मिळते, पण ते करण्याचे कोणाला सुचायला हवे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून तातडीने दवाखान्यात न्यावे. तेथे शिरेतून ग्लुकोज देतात, आणि नेहमी पिणाऱ्याला त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही देतात. मधुमेहींची साखर घसरल्यावर उपयोगी पडणारे ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन येथे बहुधा काम करत नाही, कारण ते ग्लायकोजेन मोडायला सांगते आणि ग्लायकोजेन तर संपलेले आहे. लहान मुलांत साठा मुळातच थोडा आणि मेंदूची भूक मोठी असते. घरात राहिलेल्या पेल्यातले काही घोट मुलाने प्यायले, तर त्याकडे हसून पाहू नये ते याचसाठी.

दुसरा बाण, लॅक्टिक आम्लाचा, बरोबर आहे पण तक्त्यावर तो फार जाड काढला आहे. केवळ मद्याने लॅक्टेट वाढते ते बहुधा थोडेच, वरच्या उदाहरणातल्यासारखे. ते फार वाढलेले आढळले, तर डॉक्टर जंतुसंसर्ग, रक्तदाब कोसळणे, ब-१ ची कमतरता अशी दुसरी कारणे शोधतात, आणि ते योग्यच आहे. दीर्घ उपासानंतर पिणाऱ्यांत कीटोन आम्लेही वाढतात. तेथेही एनएडीएचची छाप दिसते : तंतुकणिकांतील एनएडीएच वाढल्याने ॲसिटोॲसिटेटचे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट होते. लघवीची नेहमीची पट्टी फक्त पहिले ओळखते. त्यामुळे रंग फिका येतो आणि आजार मात्र गंभीर असतो.

तिसरा बाण चरबीचा. येथे आमचा तक्त्याशी खरा मतभेद आहे. नेहमीचे स्पष्टीकरण असे : तंतुकणिकांत एनएडीएच वाढले, म्हणून मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण मंदावले, ग्लिसरॉल फॉस्फेट वाढले, म्हणून मेदाम्लांना चिकटायला जागा मिळाली, आणि ॲसिटेटपासून नवी चरबी झाली. यातील पहिल्या दोन गोष्टींना आधार आहे, विशेषतः एका रात्रीपुरत्या. तंतुकणिकांत मुक्त एनएडी एनएडीएचच्या शेकडो पट नसून दहापटीच्याच आसपास असल्याने तेथे थोडी वाढही जाणवते. तिसरी गोष्ट मात्र फारशी टिकत नाही. १९९९ मध्ये काही निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम इथेनॉल देऊन केलेल्या मापनात, त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी भाग नव्या चरबीत गेल्याचे दिसले. बराचसा भाग ॲसिटेट म्हणून यकृताबाहेर पडला. त्याच वेळी संपूर्ण शरीराचे चरबी जाळणे सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. स्नायूंना आयते ॲसिटेट इंधन म्हणून मिळाले, म्हणून त्यांनी चरबी बाजूला ठेवली. ही घट मोठी आहे, पण तिचा बराच भाग यकृतातील एनएडीएचचा नव्हे.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. १९८१ मध्ये लीबर यांच्या गटाने बबून माकडांना दीर्घकाळ मद्य दिल्यावर असे पाहिले, की एनएडीएचचे ते सरकणे पुढे पुढे सौम्य होत जाते. रोज पिणाऱ्या माणसाच्या यकृतात चरबी मात्र कायम असते, वाढतही असते. कारण ओसरते आणि परिणाम राहतो, तेव्हा दुसरे कारण शोधावे लागते. असे कारण एक नाही. सतत पिणाऱ्यात सायटोक्रोम पी-४५० कुळातील एक विकर वाढते. लीबर आणि डीकार्ली यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेली इथेनॉलची दुसरी वाट ती हीच. या वाटेवर एनएडीएच मुळीच तयार होत नाही. उलट एनएडीपीएच खर्च होते आणि ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू बाहेर पडतात. ॲसिटाल्डिहाइड प्रथिनांना चिकटते. चरबी घडवणाऱ्या जनुकांना चालना देणारी आणि ती जाळणाऱ्या जनुकांना आवर घालणारी नियंत्रक प्रथिनेही बिघडतात.

याचा अर्थ एनएडीएच निर्दोष आहे असा नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस या जिवाणूचे एक विकर उंदरांच्या यकृतात घडवून आणले. ते एनएडीएचमधील हायड्रोजन थेट ऑक्सिजनला देऊन पाणी करते, म्हणजे क्रेट जागच्या जागी रिकामे करते. त्यामुळे यकृतातील एनएडीएचचे प्रमाण एकटे बदलून पाहता आले, आणि रक्तातील मेद व साखरेचे नियमन यांवर त्याचा परिणाम होतो असे आढळले. क्रेब्ज यांच्या हाती असे हत्यार नव्हते. त्यांना गुणोत्तर मोजता येत होते, हवे तसे बदलता येत नव्हते.

चौथा बाण सिऱ्होसिसचा. एनएडीएचपासून थेट सिऱ्होसिसकडे जाणारा बाण आम्ही पुसून टाकू. सिऱ्होसिस म्हणजे वर्षानुवर्षे चाललेल्या दाहाने आणि जखमा भरताना साचलेल्या तंतूंनी यकृताची मूळ घडण बदलणे. भरपूर पिणाऱ्यांपैकी बहुतेक सर्वांच्या यकृतात चरबी आढळते, पण सिऱ्होसिस त्यांतील थोड्यांनाच होतो. एनएडीएच मात्र त्या सर्वांच्याच यकृतात वाढलेले असते.

बाईंना आम्ही तक्ता फेकून द्या असे सुचवलेले नाही. 'एनएडी संपते' खोडून 'एनएडीएचचे प्रमाण वाढते' लिहावे, साखरेचा बाण ठळक करून त्यावर 'उपाशीपोटी' हा शब्द घालावा, लॅक्टेटचा बाण बारीक करावा, चरबीचा तुटक रेषेने काढून त्याच्या शेजारी आणखी दोन-तीन बाण बाहेरून येऊ द्यावेत, एवढेच आम्ही कळवले. त्यांनी उलट टपाली विचारले, की तोच टेम्पोचालक पोटभर जेवून प्याला असता, तर एनएडीएच वाढले नसते का? वाढले असतेच, तेही रात्रभर. फक्त त्याच्या यकृतात ऐंशी ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि ते मोडायला पायरुव्हेट लागत नाही.